शेवटची क्रिया कोणती?

साशंक : प्रॉडक्ट रूल, क्वोशंट रूल आणि चेन रूल, तिन्ही धडाधड म्हणून दाखवणारा विद्यार्थी एफवायच्या पेपरात अडतो, तेव्हा तो नियम आठवत नाही म्हणून अडत नाही. समोरच्या राशीला तिघांपैकी कोणता लावायचा हे त्याला ठरवता येत नाही. याचं एक कारण पुस्तकातच आहे. चेन रूलच्या धड्याखाली सगळी गणितं चेन रूलची असतात, त्यामुळे निवड धड्याच्या मथळ्यानेच केलेली असते आणि विद्यार्थ्याला ती कधी करावीच लागत नाही. पेपरात मथळा नसतो. मग तो राशीकडे बघतो, कंस दिसला की चेन, आडवी रेघ दिसली की क्वोशंट, असा डोळ्यांनी निवाडा करतो. sin x² पाहून 'sin गुणिले x²' समजणारे आणि प्रॉडक्ट रूल लावून मोकळे होणारे दर वर्षी भेटतात. माझी शंका अशी आहे, की ही निवड शिकवता येते, असं आपण नुसतं म्हणतो. प्रत्यक्षात शंभर गणितं सोडवली की ती अंगवळणी पडते, आणि ज्याच्या पडत नाही त्याला सांगण्यासारखं आपल्याकडे काही नसतं.

उत्साही : सांगण्यासारखं आहे, आणि ते एका प्रश्नात मावतं. x च्या जागी एखादा आकडा टाका, राशीची किंमत काढा आणि अगदी शेवटी कोणती क्रिया केली ते बघा. शेवटी गुणाकार केला असेल तर प्रॉडक्ट रूल, भागाकार केला असेल तर क्वोशंट रूल, आणि आधी तयार झालेल्या एकाच संख्येचं वर्गमूळ, sin, घात किंवा लॉगरिदम काढलं असेल तर चेन रूल. बेरीज-वजाबाकी शेवटी आली तर पदं सुटी करा आणि प्रत्येक पदाला हाच प्रश्न पुन्हा विचारा. x²/√(x²+1) ही राशी घ्या आणि x = 3 ठेवा. वरचा वर्ग ९ झाला. खाली ९ मध्ये १ मिळवून १० झाले, त्याचं वर्गमूळ साधारण ३.१६, आणि सगळ्यात शेवटी ९ ला ३.१६ ने भागलं. शेवटची क्रिया भागाकार, म्हणून सुरुवात क्वोशंट रूलने. त्या नियमात छेदाचं डेरिव्हेटिव्ह मागितलं जाईल, तेव्हा छेदाला तोच प्रश्न विचारायचा. तिथे शेवटी वर्गमूळ काढलं होतं, म्हणून तिथे चेन. आता तुमचा sin x² घ्या. कॅल्क्युलेटरवर आधी वर्ग करता, मग sin चं बटण दाबता. sin²x मध्ये क्रम उलटा आहे, आधी sin, मग वर्ग. दोन्हींना चेनच लागते, पण साखळीत बाहेरची कडी कोणती हे एकात sin आहे आणि दुसऱ्यात वर्ग, म्हणून उत्तरं वेगळी येतात : पहिल्याचं 2x cos x², दुसऱ्याचं 2 sin x cos x. डोळ्याला दिसणारा आकार फसवतो, किंमत काढण्याचा क्रम फसवत नाही.

साशंक : क्रम फसवत नाही, कारण तो तुम्ही लिहिलेल्या राशीचा आहे. फंक्शनचा नाही. तुमचंच उदाहरण मी असं लिहितो : x²·(x²+1)^(-1/2). आता शेवटची क्रिया गुणाकार झाली आणि तुमचा प्रश्न मला प्रॉडक्ट रूलकडे पाठवतो. फंक्शन तेच, आलेख तोच, त्या आलेखाला प्रत्येक बिंदूशी असलेला उतारही तोच. डेरिव्हेटिव्ह फंक्शनचं असतं, मग ते काढण्याचा नियम लेखनावर कसा ठरतो? हा तात्त्विक कीस नाही. एखाद्या विद्यार्थ्याला 5/x³ दिलं की तो तुमच्या प्रश्नाप्रमाणे प्रामाणिकपणे क्वोशंट रूल लावतो, 5 चं डेरिव्हेटिव्ह शून्य लिहितो, छेदाचा वर्ग x⁶ करतो, मग काटाकाटी करून -15/x⁴ वर येतो. शेजारचा तीच राशी 5x^(-3) अशी लिहून एका ओळीत सुटतो. तुमची कसोटी पहिल्याला चूक ठरवत नाही आणि दुसऱ्याचं शहाणपण तिला दिसत नाही. कोणता नियम लावायचा या प्रश्नाआधी, राशी कशी लिहायची हा प्रश्न आहे, आणि त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही.

उत्साही : ते मान्य. नियम लेखनाचे असतात, आणि लेखन बदलता येतं हीच सोय आहे. पण दोन वाटांनी गेलं तरी मुक्काम एकच येतो, आणि वाटांमधला फरक कुठे आहे हे बघण्यासारखं आहे. क्वोशंटच्या वाटेने अंशाचं डेरिव्हेटिव्ह 2x, छेदाचं x/√(x²+1). नियम मांडला की वर 2x√(x²+1) - x²·x/√(x²+1) आणि खाली x²+1. वरच्या दोन पदांचा छेद एक करण्यासाठी पहिल्या पदाला √(x²+1) ने गुणून भागलं की वर 2x(x²+1) - x³ राहतं, म्हणजे x³+2x, आणि खाली (x²+1)^(3/2). प्रॉडक्टच्या वाटेने पहिलं पद 2x(x²+1)^(-1/2), दुसरं x²·(-1/2)(x²+1)^(-3/2)·2x. दुसऱ्यातले 2 आणि 1/2 उडाले की -x³(x²+1)^(-3/2) उरतं, आणि दोन्हींतून (x²+1)^(-3/2) बाहेर काढला की पुन्हा तेच x³+2x. क्वोशंटमध्ये धोका वजाबाकीच्या क्रमाचा असतो : आधी कोणाचं डेरिव्हेटिव्ह, हे उलटं झालं की अख्ख्या उत्तराचं चिन्ह बदलतं. प्रॉडक्टमध्ये क्रम उलटला तरी बिघडत नाही, पण ऋण अपूर्णांक घात हाताळावे लागतात आणि तिथे -1/2 मधून 1 वजा करताना -3/2 च्या जागी 1/2 लिहिणारे निघतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर, पुढे उत्तर शून्याशी जुळवायचं असेल, म्हणजे कमाल-किमान बिंदू शोधायचे असतील, तर क्वोशंट बरा, कारण तो उत्तर एका अपूर्णांकात आणून ठेवतो आणि मग फक्त अंशाकडे बघायचं. पुन्हा एकदा डेरिव्हेटिव्ह काढायचं असेल तर प्रॉडक्ट. पण दोन्ही वाटांवर एक चूक समान आहे आणि तीच सगळ्यांत जास्त होते : मुळाच्या आतल्या x²+1 चं 2x विसरणं. शेवटच्या क्रियेचा प्रश्न नेमका तिथे कामाला येतो, कारण तो एकदा विचारून संपत नाही. आतल्या प्रत्येक तुकड्याला, नुसता x उरेपर्यंत, तो विचारत राहावा लागतो.

साशंक : आणि विचारायचा राहिला तर? मुलाला कसं कळणार? त्याने 2x विसरून छेदाचं डेरिव्हेटिव्ह 1/(2√(x²+1)) लिहिलं, पुढची सगळी बेरीज-वजाबाकी चोख केली, तर उत्तर दिसायला तुमच्या उत्तराइतकंच देखणं येतं. नियमात अशी कोणतीही जागा नाही जिथे तो अडखळून म्हणेल की काहीतरी राहिलं. चूक पकडायला नियमाच्या बाहेर जावं लागतं, आणि बाहेर एकच गोष्ट आहे, लिमिट. x = 1 ठेवा. फंक्शनची किंमत ०.७०७११. x = 1.01 ठेवा, १.०२०१ भागिले २.०२०१ चं वर्गमूळ, म्हणजे ०.७१७७२. फरक ०.०१०६१५, त्याला ०.०१ ने भागलं की १.०६१५. तुमच्या सूत्रात x = 1 ठेवलं तर ३ भागिले २^(३/२), म्हणजे १.०६०७. पावलं बारीक केली तर पहिला आकडा दुसऱ्याकडे सरकत जाईल. 2x विसरलेल्या उत्तरात x = 1 ठेवलं तर १.२३७ येतं. इतका फरक एका शतांशाच्या पावलाने पडत नाही, म्हणजे उत्तर चुकलं. साध्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे. आणि तरी बारावीपासून एफवायपर्यंत लिमिट हा पहिला धडा, तो संपवायचा, मग 'आता सोपी पद्धत' म्हणून नियम, आणि लिमिटकडे पुन्हा फिरकायचं नाही, हा शिरस्ता. त्यामुळे मुलांना वाटतं की लिमिट ही लांबची वाट होती आणि नियम जवळची. खरं तर नियमांना जो काही अधिकार आहे तो लिमिटने दिलेला आहे.

उत्साही : अधिकाराबद्दल वाद नाही, पण रोजच्या कामात लिमिटचा आग्रह धरला तर वेगळेच घोटाळे होतात. लिमिटच्या गणितात 0/0 आलं की लोपितालचा नियम लावतात, म्हणजे अंश आणि छेद यांचं सुटं सुटं डेरिव्हेटिव्ह घेऊन नवा भागाकार मांडतात. १६९६ साली लोपितालच्या पुस्तकात तो छापला गेला, तेव्हापासून विद्यार्थ्यांचा लाडका आहे. आता हाच विद्यार्थी x²/√(x²+1) चं डेरिव्हेटिव्ह काढायला बसला की वरचं 2x, खालचं x/√(x²+1), भागाकार केला, 2√(x²+1), झालं म्हणतो. उलटही घडतं : (1 - cos x)/x² चं x शून्याकडे जातानाचं लिमिट विचारलं, तर क्वोशंट रूल लावून छेदात x⁴ आणून ठेवतात आणि पुढे काय करायचं ते कळत नाही. दोन्हीकडे रेघ आहे, दोन्हीकडे अंश-छेदांची डेरिव्हेटिव्ह आहेत, पण एकात विचारलंय भागाकाराची किंमत कुठे जाते आणि दुसऱ्यात विचारलंय भागाकार किती वेगाने बदलतो. म्हणून शेवटच्या क्रियेच्याही आधी एक प्रश्न असावा हे मी तुमच्याकडून घेतो : मला किंमत हवी आहे की बदलाचा दर? पण तो ठरल्यावर दराच्या बाजूला माझी कसोटी पुरेशी आहे.

साशंक : सुटं सुटं डेरिव्हेटिव्ह घेण्याचा मोह फक्त आजच्या मुलांना होतो असं नाही. लाइब्निट्सच्या नोव्हेंबर १६७५ च्या टिपणांत हा प्रश्न सापडतो, की d(xy) हे dx आणि dy यांच्या गुणाकाराइतकं असेल का? त्याने तो तपासून पाहिला आणि तसं नसतं या निष्कर्षाला आला. १६८४ मध्ये त्याने गुणाकाराचा आणि भागाकाराचा नियम छापले, तेही सिद्धतेशिवाय. मुद्दा असा, की गुणाकाराचा दर हा दरांचा गुणाकार नसतो, हे लेखनाकडे बघून कळण्यासारखं नाही. x·x घ्या : सुट्या दरांचा गुणाकार 1 येतो आणि खरा दर 2x आहे. हे कळायला (x+h)(x+h) उलगडावं लागतं, मधली दोन xh पदं उरतात आणि h² वाळीत पडतं, हे बघावं लागतं. नियम निवडण्याचं कौशल्य तुम्ही जितकं यांत्रिक कराल तितका हा भाग झाकला जाईल. आणि झाकलेला भाग शून्याशी उघडा पडतो. √(x⁴) घ्या. तुमच्या कसोटीने शेवटची क्रिया वर्गमूळ, म्हणून चेन रूल : 4x³ भागिले 2√(x⁴). x शून्य नसेल तेव्हा हे 2x होतं, छान. x = 0 ला 0/0. नियम मुका झाला, कारण चेन रूलची अट आहे की बाहेरच्या फंक्शनचं त्या बिंदूशी डेरिव्हेटिव्ह हवं, आणि वर्गमुळाचं शून्याशी ते नाही. विद्यार्थी लिहितो, 'शून्याशी डेरिव्हेटिव्ह अस्तित्वात नाही.' पण √(x⁴) म्हणजे साधं x², आणि त्याचं शून्याशी डेरिव्हेटिव्ह शून्य आहे.

उत्साही : तुमच्याच उदाहरणात माझं उत्तर आहे. नियम अडला तो लेखनामुळे, फंक्शनमुळे नाही. लेखन बदललं, x² लिहिलं, की अडचण गेली. नियमाची अट पुरेशी असते, आवश्यक नसते. अट पाळली गेली तर उत्तर हमखास मिळतं, आणि पाळली गेली नाही तर नियम फक्त एवढंच म्हणतो की मी काही सांगू शकत नाही. त्यावरून 'अस्तित्वात नाही' लिहिणं हा विद्यार्थ्याचा तर्कदोष आहे, नियमाचा नाही. हे मी वर्गात जरूर सांगेन : नियम अडला तर आधी लेखन बदलून बघा.

साशंक : आणि लेखन बदलून भागलं नाही तर? f(x) = x² sin(1/x) आणि f(0) = 0. शून्यापासून दूर शेवटची क्रिया गुणाकार, आत चेन, तुमची पद्धत बिनचूक चालते आणि 2x sin(1/x) - cos(1/x) देते. आता x शून्याकडे नेला तर पहिलं पद विझतं, पण दुसरं कुठेच स्थिरावत नाही. x = 1/(2nπ) अशा बिंदूंवर सूत्राची किंमत -1 येते, x = 1/((2n+1)π) अशा बिंदूंवर +1, आणि दोन्ही प्रकारचे बिंदू शून्याच्या हवे तितके जवळ सापडतात. पुन्हा विद्यार्थी लिहितो, 'अस्तित्वात नाही.' पण व्याख्येकडे गेलं तर (f(h) - f(0))/h म्हणजे h sin(1/h), आणि sin काहीही करो, ही राशी -|h| आणि |h| यांच्या मध्ये दाबलेली आहे. h शून्याकडे गेला की तीही जाते. डेरिव्हेटिव्ह आहे, आणि ते शून्य आहे. इथे कोणतं लेखन बदलाल? बहुपदी, घात, sin, e^x या नेहमीच्या तुकड्यांची डेरिव्हेटिव्ह कंटिन्युअस असतात. त्यांतून, शून्याच्या आसपास सगळ्या अटी पाळत, नियमांनी जे उत्तर तयार होईल तेही शून्याशी कंटिन्युअसच असेल. आणि हे डेरिव्हेटिव्ह शून्याशी कंटिन्युअस नाही. म्हणजे असं लेखन शोधण्यात अर्थच नाही. इथला अडथळा फंक्शनचाच आहे.

उत्साही : हे मात्र मला हवंच होतं, कारण त्यातून एक रेषा आखता येते. नियम अडण्याचे दोन प्रकार झाले. एकात दोष लेखनाचा, √(x⁴) सारखा, आणि तिथे लेखन दुरुस्त करायचं. दुसऱ्यात दोष फंक्शनच्या स्वभावाचा, x² sin(1/x) सारखा, आणि तिथे थेट व्याख्येकडे जायचं. ओळखण्याची खूणही तुम्हीच दिलीत : डेरिव्हेटिव्ह त्या बिंदूशी कंटिन्युअस असेल तर लेखनाकडे संशयाने बघा, नसेल तर लिमिटला शरण जा.

साशंक : ती खूण निकालानंतर हाती येते. डेरिव्हेटिव्ह शून्याशी कंटिन्युअस आहे का, हे विचारायला शून्याशी ते किती आहे हे आधी माहीत हवं, आणि ते तुम्ही लिमिटनेच काढणार. शिवाय खुणेने फक्त एकच बाजू बंद होते. कंटिन्युअस नसेल तर लेखन वाचवू शकत नाही, एवढंच मी म्हटलं. कंटिन्युअस असेल तर वाचवेल, असं म्हटलेलं नाही. x|x| घ्या. शेवटची क्रिया गुणाकार, पण |x| चं शून्याशी डेरिव्हेटिव्ह नाही, म्हणून प्रॉडक्ट रूलची अट मोडते. व्याख्येने h|h|/h म्हणजे |h|, लिमिट शून्य. इतरत्र 2|x|. म्हणजे डेरिव्हेटिव्ह सगळीकडे आहे आणि सगळीकडे कंटिन्युअस आहे. तुमच्या रेषेप्रमाणे हा लेखनाचा दोष. दुरुस्त करून दाखवा.

उत्साही : x शून्य किंवा जास्त असेल तेव्हा x², कमी असेल तेव्हा -x². प्रॉडक्ट रूल उरलाच नाही. दोन्ही तुकड्यांना घाताचा साधा नियम, 2x आणि -2x, शून्याशी दोघांचीही किंमत शून्य, जुळलं.

साशंक : किंमत जुळली, पण ती दोन वेगळ्या फंक्शनांची. x² चं शून्याशी डेरिव्हेटिव्ह काढताना नियम शून्याच्या दोन्ही बाजूंना x² आहे असं धरतो, आणि तुमच्या फंक्शनमध्ये डावीकडे ते नाही. जोडाच्या बिंदूवर तुम्हाला उजवीकडून h²/h आणि डावीकडून -h²/h बघावंच लागेल, आणि दोन्ही शून्याकडे जातात म्हणून निकाल शून्य. मग तुम्ही आत्ता लेखन बदललंत, की नव्या लेखनाच्या आडून लिमिटच घेतलंत?

उत्साही : दोन्ही केलं असेल. पण तुकडे पाडल्यावरच कोणती दोन लिमिटं घ्यायची ते समोर आलं. आधीच्या लेखनात h|h|/h ओळखायला |h| कडे तुमच्यासारखं बघता यावं लागतं, आणि ते ज्याला जमतं त्याला माझ्या प्रश्नाची गरजच नव्हती. ज्याला जमत नाही त्याच्या हातात शून्याशी पहिलं काय द्यायचं, तुकडे की व्याख्या?

साशंक : ते त्याला कोणत्या बिंदूवर नियम अडला हे दिसलं की नाही, यावर आहे. 2|x| असं एकसंध उत्तर लिहून जो पुढे गेला, त्याला शून्याशी काही अडल्याचं कळलेलंच नाही, आणि त्याचं उत्तर बरोबर आहे. त्याला गुण किती द्यायचे ते आधी सांगा.